शितावरून भात कळतो, पण परिच्छेदावरून लिहिणारा?

मी नागपुरातल्या एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो. गेल्या सेमिस्टरला स्टाफरूममधे एक भानगड झाली आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहून टाकतो. आमचे एक सर आहेत, मराठी शिकवतात, माझ्यापेक्षा सीनियर, माणूस अगदी सज्जन. ते हातात एक प्रिंटआउट घेऊन आले न् म्हणे, हे बघा, पोरगी आपल्याले चुत्या समजून राहिली (हा शब्द त्यांचाच, मी फक्त लिहून राहिलो), सरळ मशीनकडून लिहून आणलंय. असाइनमेंट होती 'मी अनुभवलेला एक प्रसंग', शंभर शब्दांच्या आत. पोरीनं 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेबद्दल लिहिलं होतं, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन शहरात पाणी शिरलं होतं ती रात्र. सरांनी तो परिच्छेद कुठल्याशा फ्री वेबसाइटवर टाकला, तिनं 87 टक्के एआय असं लाल अक्षरात दाखवलं, आणि सरांनी शून्य मार्क देऊन टाकले.

मी वाचला परिच्छेद. सुरुवात अशी होती, "पहाटेच्या सुमारास पावसाचा जोर वाढला. त्याचप्रमाणे नाल्याचे पाणी वस्तीत शिरू लागले. तसेच वीजपुरवठाही खंडित झाला. अशा प्रकारे संपूर्ण परिसरात भीतीचे वातावरण निर्माण झाले." खरं सांगतो, पहिल्या झटक्यात मलाही तसंच वाटलं. मग वाटलं, थांब जरा. ही भाषा मशीननं कुठून घेतली? दहावीच्या गाइडमधून, पेपरातल्या बातम्यांमधून, सरकारी पत्रांमधून. आणि पोरीनं कुठून घेतली? तिथूनच की. आपणच तिला सहा वर्षं शिकवलं की निबंधात "त्याचप्रमाणे" आलं पाहिजे, घरची बोली नको. आता तिनं तसं लिहिलं तर म्हणतो मशीन.

मी सरांना म्हटलं, सर, नव्वद शब्दांवरून हे सांगता येत नाही. ते हसले, म्हणे शितावरून भाताची परीक्षा होते का नाही? वीस वर्षं पेपर तपासतो मी, एक ओळ वाचली की कळते.

ही म्हण इथं कुठं चुकते हे मला दोन दिवस नीट सांगता आलं नाही, आणि सगळा वाद तिथंच आहे. शीत दाबून भात कळतो कारण गंजातल्या सगळ्या शितांना तीच आच लागली, तेच पाणी लागलं, आणि आपल्याला विचारायचं एकच असतं, शिजला का नाही. शिजलेलं शीत आणि कच्चं शीत यात फरकही एवढा मोठा की एकात भागतं. लिखाणाचं तसं नाही. दोन लिहिणाऱ्यांमधला फरक अगदी बारीक असतो, हजारात दोन-तीन शब्दांचा वगैरे, आणि तो दिसायला हजार शब्द तरी लागतात.

याची सगळ्यात चांगली केस अमेरिकेतली आहे, 1787-88 ची. नवीन राज्यघटनेच्या बाजूनं न्यूयॉर्कच्या पेपरांत 85 लेख आले, सगळे 'पब्लियस' या टोपणनावानं. लिहिणारे तिघं, हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे. यातल्या 12 लेखांवर पुढे भांडण लागलं की हे हॅमिल्टनचे का मॅडिसनचे, कारण दोघांच्याही बाजूनं दावे होते. जवळपास पावणेदोनशे वर्षं इतिहासवाले वाचून वाचून सांगत राहिले, कोणी म्हणे हा, कोणी म्हणे तो. मग मॉस्टेलर आणि वॉलेस हे दोन स्टॅटिस्टिक्सवाले बसले आणि 1964 मधे त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी काय केलं, तर मोठमोठे शब्द सोडूनच दिले. युद्ध, कर, न्यायालय असे शब्द विषयाप्रमाणे येतात, माणसाप्रमाणे नाही. त्यांनी मोजले ते बारके शब्द, ज्यांच्याकडे लिहिणाऱ्याचंही लक्ष नसतं. त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे इंग्रजीतला 'अपॉन'. हॅमिल्टन तो हजार शब्दांत साधारण तीनदा वापरायचा. मॅडिसन चार-पाच हजार शब्दांत एखाद्या वेळी.

म्हणजे फरक किती मोठा आहे बघा, बारा-चौदा पट. एवढा फरक सहसा मिळत नाही, हा तर लॉटरी लागल्यासारखा शब्द आहे. आता समजा तुमच्या हातात पूर्ण लेख नाही, फक्त शंभर शब्दांचा एक परिच्छेद आहे. हॅमिल्टनच्या शंभर शब्दांत 'अपॉन' सरासरी किती येईल? 0.3. म्हणजे शंभरातले 74 परिच्छेद असे निघतील की त्यात हा शब्द एकदाही नाही. आणि मॅडिसनचे? शंभरातले 98. तर तुमच्या परिच्छेदात 'अपॉन' नाही हे कळल्यावर तुम्हाला काय कळलं? जवळपास काहीच नाही, दोघांकडूनही असा परिच्छेद अगदी आरामात येतो, मॅडिसनकडे वजन झुकतं ते 98 भागिले 74, म्हणजे सव्वापटीच्या थोडं वर. त्यावर तर चहाचीही पैज लावता येत नाही.

हां, शब्द सापडला तर गोष्ट वेगळी, मग पारडं हॅमिल्टनकडे चांगलं दहापटीच्या वर झुकतं. पण तो सापडायची शक्यताच चारात एक, आणि तीही परिच्छेद खरोखर हॅमिल्टनचा असेल तर. उरलेल्या वेळी तुम्ही रिकाम्या हातानं बसता.

आता तोच हिशोब दोन हजार शब्दांवर करा, म्हणजे त्या लेखांपैकी एका मध्यम लेखावर. हॅमिल्टनच्या दोन हजार शब्दांत 'अपॉन' सरासरी सहादा येणार, एकदाही न येण्याची शक्यता हजारात दोन-तीन. मॅडिसनच्या दोन हजारांत एकदाही न येण्याची शक्यता शंभरात त्रेसष्ट. आता शब्द नाही म्हटलं की पारडं अडीचशे पट झुकलं. तोच शब्द, तेच दोन लेखक, मोजायची पद्धत तीच, फक्त लांबी वीसपट केली आणि सव्वापटीचं अडीचशेपट झालं. आणि एवढं असूनही त्या दोघांनी एका शब्दावर निकाल दिला नाही, तीस शब्द घेतले, मग म्हणाले की बाराही लेख मॅडिसनचे. लक्षात घ्या, त्यांच्याकडे दोघंच उमेदवार होते आणि दोघांचंही भरपूर लिखाण हातात होतं. आमच्या सरांकडे उमेदवार कोण? एक पोरगी, जिचं बाकी लिखाण त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि एक मशीन, जे सांगाल त्या ढंगात लिहून देतं.

अजून एक आकडा देतो आणि मग आकडे कमी करतो. मॅचेय एडर नावाच्या पोलिश संशोधकानं 2015 मधे हेच तपासलं होतं की लेखक ओळखायला कमीत कमी मजकूर किती पाहिजे, कादंबऱ्या वगैरे घेऊन, आणि उत्तर आलं साधारण पाच हजार शब्द. त्याच्या खाली आलं की गाडी डगमगायला लागते. पाच हजार, आणि आपण नव्वद शब्द घेऊन बसलोय.

मराठीत तर अजून पंचाईत. इंग्रजीत ते बारके शब्द सुटे असतात, मोजायला सोपे. आपल्याकडे त्यातलं निम्मं काम प्रत्यय करतात, पाण्यात, पाण्याला, पाण्यासाठी, पाण्यावरून, सगळं शब्दालाच चिकटलेलं. सुटे उरतात ते पण, परंतु, आणि, व, तर, मात्र, म्हणून असे थोडेच. पोरीचा परिच्छेद मी मोजला. असे शब्द नव्वदात नऊ. त्यात "तसेच" दोनदा आणि "त्याचप्रमाणे" एकदा. सरांचा अख्खा संशय त्या तीन शब्दांवर उभा होता. बाकीचे शब्द कोणते, तर पाणी, पाऊस, नाला, वस्ती, अंधार. ते पुराचे शब्द आहेत, पुरावर कोणीही लिहिलं तरी तेच येणार, माणूस असो का मशीन.

आता त्या वेबसाइटचं. ही टूल्स आत काय करतात त्यातला एक मोठा भाग असा, की प्रत्येक शब्द आधीच्या शब्दांवरून किती ओळखता येण्यासारखा होता हे मोजतात आणि त्याची सरासरी काढतात. सगळे शब्द अपेक्षित निघाले की म्हणतात मशीन, मधे मधे अनपेक्षित आले की म्हणतात माणूस. कल्पना वाईट नाही. पण सरासरी म्हटली की तिचा डुगडुगेपणा नमुन्याच्या वर्गमुळानं कमी होतो, हे मी दर वर्षी सेकंड इयरला शिकवतो. चूक निम्मी करायची तर मजकूर चौपट पाहिजे. छोट्या परिच्छेदात एखादा वाक्प्रचार इकडचा तिकडे झाला की सरासरी धाडकन हलते. देवनागरीत अजून एक गंमत होते, ही मॉडेल्स शब्दाचे तुकडे करून वाचतात आणि मराठी शब्दाचे पुष्कळदा इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात, मग वाटतं की नमुना मोठा आहे, पण "निर्माण" शब्दाचा पहिला तुकडा आला की पुढचा कोणीही सांगेल, त्यात नवीन माहिती कुठली?

मी सरांसमोरच करून बघितलं. परिच्छेद तोच, फक्त एक "तसेच" काढून "आणि" टाकलं. 87 चे 61 झाले. मग शेवटचं वाक्य काढलं, 34. मग मुद्दाम ते वाक्य परत टाकलं पण दोन वाक्यं एका स्वल्पविरामानं जोडली, पुन्हा 70 च्या वर. सर गप्प झाले. मी म्हटलं, सर, ताप बघायचा थर्मामीटर झटकल्याझटकल्या वेगळा आकडा दाखवत असेल तर आपण पेशंटला अॅडमिट नाही करत, थर्मामीटर बदलतो.

आणि हे टूल बनवणाऱ्यांनाच माहीत आहे. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनं जानेवारी 2023 मधे स्वतःचं असं एक टूल काढलं होतं आणि स्वतःच सांगितलं होतं की हजार अक्षरांच्या खाली यावर अजिबात भरवसा ठेवू नका, आणि इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत वापरू नका. हजार अक्षरं म्हणजे मराठीत साधारण दीडशे शब्द धरा. त्यांच्याच चाचणीत मशीनच्या लिखाणापैकी 26 टक्के पकडलं गेलं आणि माणसाच्या लिखाणापैकी 9 टक्क्यांवर खोटा आळ आला. सहा महिन्यांत, जुलै 2023 मधे, त्यांनी ते बंद केलं, कारण दिलं की अचूकता कमी आहे. कॉपी पकडायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टर्निटिनवाल्यांनीही त्यांच्या टूलला कमीत कमी 300 शब्द लागतील असं ठेवलंय, आधी 150 होतं ते वाढवून.

ते 26 आणि 9 आमच्या वर्गावर लावून बघा. वर्गात 60 पोरं. समजा 12 जणांनी मशीनकडून लिहून घेतलं, 48 जणांनी स्वतः लिहिलं. बारापैकी 26 टक्के म्हणजे तीन सापडतील. अठ्ठेचाळीसपैकी 9 टक्के म्हणजे चार फुकट अडकतील. टूलनं बोट दाखवलेले सात, त्यातले चार निर्दोष, आणि खरे नऊ जण मागच्या बाकावर आरामात. आणि हे आकडे इंग्रजी मजकुरावरचे आहेत, नव्वद शब्दांच्या मराठीवर काय होईल त्याचा अंदाज तुम्हीच करा. आमचे एक कॉमर्सवाले सर म्हणाले, मग टूल सुधारेल की पुढे. सुधारेल ना. पण नव्वद शब्दांत जी माहितीच नाही ती सुधारलेलं टूल कुठून आणणार? विहिरीत पाणी नसेल तर मोटर पाच हॉर्सपॉवरची लावा का दहाची.

सर तरी मानले नाहीत, म्हणे टूल गेलं खड्ड्यात, माझी नजर आहे. ठीक आहे. मी दहा छोटे परिच्छेद छापून आणले, पाच जुन्या विद्यार्थ्यांचे, 2019 च्या आधीचे, म्हणजे शंकाच नको, आणि पाच मशीनचे. सरांनी सहा बरोबर ओळखले आणि फार खूश झाले. मी म्हटलं सर, नाणं उडवलं असतं तरी दहात सहा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता 38 टक्के आहे. त्यांचा चेहरा पडला तेव्हा मला वाईट वाटलं, आणि मग लक्षात आलं की मीही तीच चूक करून राहिलो. दहा परिच्छेदांवरून सरांना ओळखता येत नाही असंही सिद्ध होत नाही. सहाऐवजी आठ बरोबर आले असते तरी तेवढं नुसत्या नशिबानं शंभरात पाच-सहा वेळा होतं. माझी परीक्षाही छोटी होती. हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा कुठं त्यांनी चहा मागवला.

आता याचा अर्थ छोट्या मजकुरावरून कधीच काही कळत नाही असा नाही, तसं कोणी म्हणत असेल तर तेही चूक. दोन वर्षांपूर्वी एका पोरानं उत्तराच्या शेवटी "तुम्हाला हवे असल्यास मी हे अधिक सोप्या भाषेत लिहून देऊ शकतो" हे वाक्य तसंच ठेवलं होतं. तिथं एक ओळ पुरते. पण तिथं आपण शैली ओळखत नाही, तिथं चोराची चप्पल दारात राहिलेली असते. ही दोन वेगळी कामं आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. चप्पल सापडली तर उचला, पण चप्पल नाही म्हणून नुसत्या पावलाच्या आवाजावरून नाव घेऊ नका.

उलट्या बाजूनंही लोक फसतात. स्टाफरूममधे एकीनं सुचवलं की पोरांना आपल्या नागपुरी बोलीत लिहायला सांगा, "करून राहिलो", "मले", "कायले" आलं की समजायचं माणूस. नाही हो. मशीनला सांगितलं तर ते दर वाक्यात "करून राहिलो" घालून देतं, आणि काटोलची पोरगी कॉलेजात आली की पहिलं काम करते ते "मले" पुसून "मला" करायचं, कारण तिला त्यावरून हसलेले असतात. एका "मले"वरून कोणालाच सोडता येत नाही न् अडकवताही येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की शंभर शब्दांची असाइनमेंट असेल तर त्यावर मशीन का माणूस हा शिक्का मारायचा अधिकार शिक्षकाला असू नये, कॉलेजनं नियमातच तसं लिहावं. शंका आली तर मजकूर वाढवा. त्याच पोरीचं वर्गात बसून हातानं लिहिलेलं काढा, मागच्या टेस्टचे पेपर काढा, पाच-सहा उत्तरं जोडली की हजार-बाराशे शब्द होतात, मग निदान बघायला काहीतरी असतं. त्यातही सगळी उत्तरं तिचीच आहेत हे पक्कं पाहिजे, नाहीतर जोडून उपयोग नाही. आणि तेही जमत नसेल तर बोलवा आणि विचारा. यात काही लोक म्हणतात की विचारणं म्हणजे वेळखाऊ, साठ पोरं आहेत. पण साठांना कुठं विचारायचंय, ज्याच्यावर आळ घेताय त्यालाच विचारायचंय.

आम्ही तेच केलं. पोरीला बोलावलं, सरांनी विचारलं की पाणी आलं तेव्हा तू काय करत होतीस. ती आधी रडायलाच लागली, मग म्हणाली, सर, आम्ही खालच्या मजल्यावर राहतो, आई म्हणे आधी सिलिंडर वर ने, मी सिलिंडर पलंगावर ठेवला, तो पाण्यानं तरंगायला लागला नं पलंगच, मग बाबांनी फ्रीज उचलायला घेतला तर उचलेना, फ्रीजमधे दूध होतं ते मी काढून घेतलं, बाकी सगळं गेलं. सरांनी विचारलं, मग हे का नाही लिहिलंस? ती म्हणे, सर, हे निबंधात लिहायचं असते?

हा काही पुरावा नाही हं, हे मी सरांनाही बोललो. पूर खरंच तिच्या घरात आला होता म्हणून परिच्छेद तिनंच लिहिला असं सिद्ध होत नाही, लिहिलेला असू शकतो, नसू शकतो. नव्वद शब्द तेव्हाही नव्वदच होते. पण शून्य द्यायला लागणारी खात्री कोणाकडेच नव्हती हे आता सरांनाही मान्य झालं. त्यांनी शून्य खोडून दहापैकी सहा दिले, दोन्ही "तसेच"ला लाल गोल केला, आणि खाली लिहिलं, सिलिंडरचं लिही.